रेकॉर्डिंगमधल्या गायकाचा षड्ज कसा शोधायचा

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळच्या बैठकीत मला तंबोऱ्यावर बसायचं होतं. आयोजकांनी गायकांच्या जुन्या कार्यक्रमाची, कॅसेटवरून उतरवलेली एक फाइल पाठवली आणि सोबत एक ओळ: "याच पट्टीत गातात." फाइलमध्ये मालकंस होता. मी पेटी उघडली, गायक जिथे लांबवर थांबत होते तो सूर शोधला आणि तबलजींना कळवून टाकलं, "काळी तीन." त्यांचा लगेच उलट फोन आला, "पुरुष गायक, ख्याल, आणि काळी तीन? परत ऐका."

त्यांचं बरोबर होतं. मी मध्यमाला षड्ज समजून बसलो होतो. पुढे जे सांगतो आहे ते त्याच फाइलवर दुसऱ्यांदा केलेलं काम आहे. नवशिक्याला ज्या ज्या ठिकाणी पाय घसरायची भीती असते ती जवळजवळ सगळी त्या एका फाइलमध्ये होती.

आधी पट्टीच्या नावांबद्दल थोडं. पेटीवरच्या सप्तकातली पहिली पांढरी म्हणजे पांढरी एक, तिच्या उजवीकडची काळी म्हणजे काळी एक. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवर यांनाच C आणि C# अशी अक्षरं असतात. पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास गातात, स्त्रिया बहुधा काळी चार ते काळी पाचच्या आसपास. अपवाद भरपूर आहेत, पण तुमचं उत्तर या पट्ट्यांपासून फार दूर गेलं तर आधी स्वतःच्या कानावर शंका घ्यावी. मी ती घेतली नाही.

"जिथे थांबतो तो सा" हे अर्धंच खरं

नवशिक्याला सगळे हेच सांगतात: गायक जिथे विसावतो तो षड्ज. यमन, भूप, बिहाग अशा रागांत हे बहुतेक वेळा चालूनही जातं. मालकंसात मात्र मध्यम वादी आहे. गायक मध्यमावर येतो, तिथेच रेंगाळतो, पुष्कळदा मुखड्याची समही तिथेच पडते. त्यातून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला लावलेली असते. मंद्र मध्यमापासून वरच्या षड्जापर्यंतचं अंतर अगदी सा–प इतकंच असतं. त्यामुळे कानाला मध्यम 'सा' वाटतो आणि खरा सा त्याचा 'पंचम' वाटतो. तंबोरा छान जुळलेला वाटतो, कुठेही खटकत नाही.

खटकत नाही याचं आणखी एक कारण आहे. मालकंसाचे स्वर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. यातल्या मध्यमाला सा म्हणून पाहिलं तर तेच पाच सूर सा, कोमल ग, म, प, कोमल नि होतात, म्हणजे धानी. म्हणजे चुकीच्या षड्जावरून मोजूनही हाती एक ओळखीचा, धडधाकट राग येतो. मी त्या दिवशी दहा मिनिटं धानीच ऐकत होतो आणि "काय वेगळा धानी गातात" म्हणून खूशही होतो! एकाच स्वरसमूहात षड्ज सरकवला की राग बदलतो, हे आपण मूर्च्छनेच्या धड्यात शिकतो. तोच धडा इथे उलटा अंगावर येतो: नुसते स्वर कोणते हे कळलं म्हणजे षड्ज कळला असं होत नाही.

मारव्यात वेगळी पंचाईत. तिथे षड्ज मुद्दाम झाकलेला असतो, रिषभ-धैवतावर सगळा भर असतो, आणि "थांबतो तो सा" या नियमाने तुम्ही सरळ धैवतावर जाऊन बसता.

तंबोऱ्याच्या तारा मोजा

म्हणून मी आता गायकाआधी तंबोरा ऐकतो. बहुतेक मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाने तोंड उघडण्याआधी दहा-पंधरा सेकंद फक्त तंबोरा वाजत असतो. तो तुकडा सोन्यासारखा.

चार तारांच्या तंबोऱ्यात पहिली तार रागाप्रमाणे बदलते: पंचम, मध्यम किंवा निषाद. मधल्या दोन तारा म्हणजे जोडी, दोन्ही षड्जाला. शेवटची तार खर्ज, म्हणजे जोडीच्या एक सप्तक खालचा षड्ज. यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या कोणत्याही रागात टिकतात. लागोपाठ दोनदा येणारा सूर म्हणजे जोडी, म्हणजे सा. आणि सगळ्यात खालचा सूर म्हणजे खर्ज, म्हणजे पुन्हा सा. पहिली तार म, प, नि यांपैकी कशालाही लावली तरी ती खर्जाच्या वरच असते.

करायचं असं. हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरमधून पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज मुळात बाहेरच येत नाही, फक्त त्याचे वरचे स्वयंभू स्वर ऐकू येतात, आणि त्यात पंचम आणि गांधार ठळक असतात. हेडफोनमध्येही खर्ज ओळखायला वेळ लागला तर प्लेअरमध्ये वेग निम्मा करा, पण सूर न बदलता. बहुतेक प्लेअरमध्ये ती सोय असते. आता चार आघात सुटे सुटे ऐकू येतील. त्या मालकंसात क्रम असा होता: एक सूर, मग त्याच्या वरचा एक सूर दोनदा, मग सगळ्यात खालचा. दोनदा येणारा सूर गुणगुणत राहिलो आणि पेटीवर हात टेकवला, तर तो काळी एकच्या जवळ होता. काळी तीन ही पहिल्या तारेची पट्टी निघाली. काळी एकपासून पाच पट्ट्या वर काळी तीन, आणि षड्जापासून मध्यमही तेवढाच वर. माझी चूक कुठे झाली ते दिसलं.

दोन तंबोरे एकाच वेळी वाजत असतील तर आघात एकमेकांत मिसळतात आणि 'लागोपाठ दोनदा' हे कळेनासं होतं. तेव्हा फक्त खालच्या सुराच्या मागे लागा. खर्ज दोन्ही तंबोऱ्यांत एकच असतो.

तंबोरा ऐकूच येत नसेल, नुसती पेटी आणि आवाज असेल, तर मग गळ्याकडेच जावं लागतं. अशा वेळी अंतरा ऐका. ख्यालाचा अंतरा बहुतेकदा तार षड्जाकडे चढतो आणि तिथे ठाण मांडतो. त्या सुराच्या बरोबर एक सप्तक खालचा सूर घ्या आणि आलापाच्या शेवटी गायक तिथे उतरतो का ते पाहा. मालकंसात मध्यमावर कितीही रेंगाळले तरी वाक्य पुरं होताना 'ग म ग सा' असं खाली यावंच लागतं. गळ्याचा पल्लाही तपासा. काळी तीन हा सा मानला तर हे गायक तार सप्तकात षड्जाच्या वर जातच नव्हते, आणि खाली मात्र पार खर्जाच्या षड्जापर्यंत उतरत होते. ख्याल गाणाऱ्याचा पल्ला असा नसतो. तोच सूर मध्यम मानला की सगळं जागेवर येतं: खाली मंद्र मध्यम, वर तार मध्यम.

तबल्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तबला बहुधा षड्जाला लावतात, पण काही वेळा पंचमाला किंवा मध्यमालाही लावतात. आणि मालकंसासारख्या रागात तो मध्यमाला असला तर तो तुमची चूक आणखी पक्की करतो.

"जवळ" म्हणजे नेमकं किती

काळी एकच्या 'जवळ' हे उत्तर तंबोरा लावायला पुरत नाही. पेटीवर काळी एक दाबून रेकॉर्डिंगबरोबर धरली तर सूर हेलकावे खात होता, काळी एक खाली पडत होती. पांढरी दोन दाबली तर ती वर जात होती. म्हणजे सा दोन पट्ट्यांच्या मध्ये. इथे कान थोडा दमतो, म्हणून मी ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडतो.

फक्त तंबोरा वाजतो तो सुरुवातीचा तुकडा, साधारण दहा सेकंद, माउसने निवडायचा. मग `Analyze > Plot Spectrum`. खिडकीत `Size` नावाचा एक पर्याय असतो, तो 65536 करायचा. आपोआप येणारा आकडा बराच लहान असतो, आणि लहान आकड्यावर खालच्या सुरांचं मोजमाप इतकं ढोबळ होतं की त्यातून अख्ख्या पट्टीचाही फरक कळत नाही. `Axis` हा पर्याय `Log frequency` केला की खालचे सूर पसरून दिसतात. आता आलेखात डोंगरासारखी शिखरं दिसतील. शिखरावर माउस नेला की खाली `Peak` समोर आकडा येतो, हर्ट्झमध्ये.

नवा माणूस इथे सगळ्यात उंच शिखर पकडतो. तसं करू नका. तंबोऱ्यात मूळ सुरापेक्षा त्याचे स्वयंभू स्वर पुष्कळदा जास्त जोरात असतात, जवारीचं कामच ते. सगळ्यात उंच शिखर पंचमाचंही असू शकतं. कानाने आधी पट्टी ठरवलेली असेल तरच हा आलेख उपयोगी, कारण मग नेमकं कुठे पाहायचं हे ठाऊक असतं. पुरुषाची काळी एक म्हणजे १३८.६ हर्ट्झ, पांढरी दोन म्हणजे १४६.८. मला या दोन आकड्यांच्या मध्ये शिखर हवं होतं, आणि ते १४२ वर होतं.

ऑडॅसिटी हा आकडा पूर्णांकात दाखवते. इतक्या खाली एका हर्ट्झचा फरक म्हणजे जवळजवळ बारा सेंट होतात. (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) म्हणून मी त्याच सुराच्या चौपट उंचीचं शिखर पाहतो. जोडीचा चौथा स्वयंभू स्वर तिथे येतो, आणि एका हर्ट्झची चूक तिथे तीन सेंटांवर येते. ते शिखर ५६८ वर होतं. ५६८ भागिले ४ म्हणजे १४२. पहिलं वाचन बरोबर होतं.

मग सेंट काढायचे. गणित इतकंच:

```
cents = 1200 * log2(142 / 138.59)
```

उत्तर ४२. म्हणजे रेकॉर्डिंगमधला षड्ज काळी एकच्या ४२ सेंट वर. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर C# निवडून बारीक सूर फिरवायचा जो खटका किंवा गोल बटण असतं ते अधिक ४२ ला न्या, पहिली तार मध्यमाला लावा, आणि रेकॉर्डिंगबरोबर वाजवा. पट्टी जुळली की हेलकावे थांबतात. आधी सेकंदाला तीन-साडेतीन हेलकावे येत होते, कारण १४२ आणि १३८.६ यांच्यात तेवढाच फरक आहे. तानपुरा वर नेता नेता ते संथ होतात आणि शेवटी विरून जातात. आलेखापेक्षा माझा भरवसा या हेलकाव्यांवर जास्त. तानपुरा त्या आकड्यावर नेल्यावरही ते ऐकू आले तर आकडा चुकीचा समजायचा, कान नव्हे.

याच वेळी सप्तकही तपासा. अ‍ॅपमध्ये C# दोन सप्तकांत असतो. चुकीच्या सप्तकात तानपुरा सुरात असतो पण पातळ आणि किणकिणता, किंवा उलट, घरघरता वाटतो.

गायक खरंच तिथे गात होते का?

रेकॉर्डिंगबरोबर रियाज करायचा असेल तर काम इथे संपलं. मला मात्र प्रत्यक्ष बैठकीत बसायचं होतं, आणि "काळी एकच्या ४२ सेंट वर" गाणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. तंबोरा नुसत्या कानाने लावला तर सा दोन पट्ट्यांच्या मध्ये असणं अगदी शक्य आहे. पण या फाइलमध्ये पेटीची साथही होती. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या असतात, त्या वर सरकवता येत नाहीत. पेटी आणि गायक दोघेही ४२ सेंट वर असतील, तर पेटी मुळातच चढी बांधलेली असावी किंवा कॅसेट जोरात फिरली असावी.

कॅसेट आणि टेप यांचा वेग यंत्रागणिक थोडा वेगळा असतो, हे जुन्या फाइलींच्या बाबतीत नेहमी लक्षात ठेवा. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांची तर वेगळीच कथा. त्या सगळ्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर ९१ सेंट चढतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक पट्टी. अशा तबकडीवरून "ते अमुक पट्टीत गायचे" असं ठामपणे सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मानतही नाही.

वेग चुकला का हे ओळखायची एक युक्ती मला ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका मित्राने शिकवली. विजेवर चालणाऱ्या यंत्राने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पुष्कळदा एक बारीक गुणगुण असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण ५०, १००, २००, ३०० अशा ठिकाणी सापडते. टेप जोरात फिरली की सगळ्या सुरांबरोबर तीही वर सरकते. मी फाइलच्या अगदी सुरुवातीचा, तंबोराही सुरू होण्याआधीचा दोन-तीन सेकंदांचा निव्वळ खरखरीचा तुकडा निवडला आणि पुन्हा आलेख काढला. ३०० वर काहीच नव्हतं. ३०७ वर एक टोकदार शिखर होतं. ३०७ हा मालकंसातल्या कोणत्याच स्वराजवळ बसत नाही, आणि त्या क्षणी वाजतही काही नव्हतं.

३०७ आणि ३०० यांच्यातलं अंतर ४० सेंट. ४२ मधून ४० वजा केले की उरले दोन, आणि एवढी चूक मोजण्यातही होते. म्हणजे गायक त्या दिवशी सरळ काळी एकमध्ये गात होते, कॅसेट जोरात पळत होती.

या युक्तीच्या मर्यादाही आहेत. गुणगुण कॅसेट संगणकावर उतरवताना शिरली असेल तर ती नेमकी ३०० वरच दिसेल आणि टेपबद्दल काहीच सांगणार नाही. दोन ठिकाणी दोन गुणगुणी दिसल्या तर सरकलेली असेल ती जुनी. आणि वीजही कायम नेमकी ५० वर नसते, थोडी खालीवर होते. एका टक्क्याचा फरक म्हणजे १७ सेंट, तेव्हा या मार्गाने पाव पट्टीपेक्षा बारीक उत्तर मिळालं असं समजू नये. कोणत्या पट्टीच्या जवळ हे ठरवायला मात्र ते पुरेसं आहे.

फाइल सुधारून ठेवायची असेल तर ऑडॅसिटीत वेग आणि सूर एकत्र बदलायची सोय आहे: `Effect` मध्ये `Change Speed and Pitch`, जुन्या आवृत्तीत नुसतं `Change Speed`. तिथे मी -2.28 टक्के भरले. यानंतर C# चा तानपुरा, बारीक सूर शून्यावर ठेवून, फाइलबरोबर नीट बसला.

खरा तंबोरा लावताना

आधी जोडीची एक तार काळी एकला. मग दुसरी तिच्याशी, हेलकावे जाईपर्यंत. मग खर्ज. पहिली तार सगळ्यात शेवटी. ट्यूनरवर फार डोळे लावून बसू नका. तंबोऱ्याच्या स्वयंभू स्वरांनी तो गोंधळतो आणि खर्जाची तार छेडली तरी मध्येच पंचमाचं नाव दाखवतो. शिवाय तार जोरात छेडली की सूर आधी किंचित चढा असतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. हलक्या हाताने छेडून, सूर स्थिरावल्यावर वाचा. खुंटीने जवळ आणा, उरलेला फरक मण्याने काढा, जवारीचा दोरा त्यानंतर.

तबलजींना मी दुसऱ्यांदा कळवलं: "काळी एक. पहिला निरोप विसरा." एका तबल्याला फार वर-खाली चढवता येत नाही. काळी एकचा तबला काळी तीनला नेण्याचा प्रयत्न झाला असता तर पुडी गेली असती, आणि तीही माझ्या नावावर.

एवढं झाल्यावरही मी गायकांना फोन केला, कारण रेकॉर्डिंग सांगतं ती त्या जुन्या दिवसाची पट्टी. वयाने गळा उतरतो, सर्दी असते, हल्ली पांढरी एकला आले असतील. ते म्हणाले, "काळी एकच. पण मालकंस कुठला? बैठक संध्याकाळची आहे, पूरिया गाणार." जोडी आणि खर्ज जिथे लावून ठेवले होते तिथेच राहिले. पहिली तार मात्र मध्यमावरून निषादावर न्यायची होती. तुटेल की काय या धास्तीने खुंटी अगदी हळूहळू पिळत होतो, आणि शेजारी तबलजी हातोडी खाली ठेवून माझ्याकडे बघत बसले होते.